सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये पीएसडी मॅट्रिक्स मिळवली की आयगेनव्हॅल्यू खाली का येत नाहीत? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं विधान काय आहे?

A ही n × n ची सिमेट्रिक मॅट्रिक्स घ्या. B हीसुद्धा त्याच मापाची, सिमेट्रिक आणि पॉझिटिव्ह सेमीडेफिनिट, म्हणजे आपण वर्गात म्हणतो तशी ‘पीएसडी’. A च्या आयगेनव्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा आणि A + B च्याही तशाच मांडा. आता पहिलीसमोर पहिली, दुसरीसमोर दुसरी अशा जोड्या लावल्या, तर नवी आयगेनव्हॅल्यू जुनीएवढी तरी असतेच. ती वाढेल किंवा तिथेच राहील, पण खाली येणार नाही.

```
λ₁(A) ≤ λ₂(A) ≤ ... ≤ λₙ(A)

λₖ(A + B) ≥ λₖ(A),   k = 1, 2, ..., n
```

जर्मन गणिती हर्मान वाइल यांच्या १९१२ सालच्या कामातून आलेल्या असमानतांपैकी ही सर्वांत साधी. ‘क्रमाने मांडा’ ही अट नुसती सोयीसाठी घातलेली नाही. ती विसरल्यामुळे होणारे घोटाळे मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, म्हणून ती पुढेही येत राहील.

पीएसडी म्हणजे सगळ्या नोंदी धन असलेली मॅट्रिक्स का?

नाही. हा गैरसमज दर वर्षी नव्याने दूर करावा लागतो. पीएसडी असणं हे नोंदींवर ठरत नाही. कुठलाही व्हेक्टर x घेतला तरी xᵀBx ही संख्या शून्य किंवा त्याहून मोठी यावी, एवढीच अट आहे.

```
[ 1  2 ]        [  1  -1 ]
[ 2  1 ]        [ -1   1 ]
```

डावीकडच्या मॅट्रिक्समध्ये एकही ऋण संख्या नाही, पण x = (1, -1) घातला की उत्तर -२ येतं. म्हणजे ती पीएसडी नाही. उजवीकडे दोन नोंदी ऋण आहेत, तरी तिचा xᵀBx उलगडला की (x₁ - x₂)² मिळतो, आणि वर्ग कधी ऋण होत नाही. ही पीएसडी आहे.

हाताने तपासायचं असेल तर xᵀBx लिहा आणि त्याची वर्गांची बेरीज करता येते का ते पाहा. B ही CᵀC अशी लिहिता आली तर काम तिथेच संपतं, कारण मग xᵀBx म्हणजे Cx या व्हेक्टरच्या लांबीचा वर्ग.

एक छोटं उदाहरण हाताने सोडवून दाखवाल का?

हो. मी नेहमी स्प्रिंगचं उदाहरण घेतो, कारण त्यात B ला हात लावता येतो.

एका सरळ रुळावर दोन छोटे गाडे आहेत, प्रत्येकाचं वस्तुमान १. पहिला गाडा डाव्या भिंतीला स्प्रिंगने जोडलेला, दुसरा उजव्या भिंतीला, आणि दोघांच्या मध्ये तिसरी स्प्रिंग. तिन्ही स्प्रिंगची ताठरता १. पहिला गाडा x₁ आणि दुसरा x₂ एवढा सरकला, तर स्प्रिंगांमध्ये साठलेल्या ऊर्जेची दुप्पट अशी येते:

```
x₁² + (x₁ - x₂)² + x₂²  =  2x₁² - 2x₁x₂ + 2x₂²  =  xᵀAx

A = [  2  -1 ]
    [ -1   2 ]
```

या A च्या आयगेनव्हॅल्यू १ आणि ३. आयगेनव्हॅल्यू १ ची दिशा (1, 1): दोन्ही गाडे एकाच बाजूला, सारखेच सरकतात, मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही, म्हणून हे डोलणं संथ. आयगेनव्हॅल्यू ३ ची दिशा (1, -1): गाडे एकमेकांकडे येतात आणि दूर जातात, मधल्या स्प्रिंगवर दुप्पट ताण, म्हणून हे डोलणं जलद. आयगेनव्हॅल्यू म्हणजे इथे कोनीय वारंवारितेचा वर्ग.

आता पहिल्या गाड्याला डाव्या भिंतीशी जोडणारी आणखी एक स्प्रिंग लावा, ताठरता १ चीच. ऊर्जेत x₁² ची भर पडली:

```
B = [ 1  0 ]      A + B = [  3  -1 ]
    [ 0  0 ]              [ -1   2 ]
```

A + B चा ट्रेस ५ आणि निश्चयक ३·२ - १ = ५. म्हणून समीकरण

```
λ² - 5λ + 5 = 0
λ = (5 ± √5) / 2  =  1.382  आणि  3.618
```

लहान आयगेनव्हॅल्यू १ वरून १.३८२ झाली, मोठी ३ वरून ३.६१८. दोन्ही वाढल्या. वाढ अनुक्रमे ०.३८२ आणि ०.६१८, बेरीज बरोबर १, म्हणजे B चा ट्रेस. हा योगायोग नाही. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे ट्रेस आणि ट्रेस सरळ मिळवले जातात, त्यामुळे एकूण वाढ नेहमी B च्या ट्रेसएवढीच असते. हाताने केलेलं गणित तपासायला याहून सोपी खूण नाही. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक झालेली आहेच.

जुन्या दिशेत B ची किंमत ०.५ येते. मग दोन्ही आयगेनव्हॅल्यू ०.५ नेच का वाढल्या नाहीत?

हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही योग्य जागी थांबलात. या विषयातली खरी गंमत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

एकक व्हेक्टर x वर A ची किंमत म्हणजे xᵀAx; सर्व एकक व्हेक्टरांवरची सर्वांत लहान किंमत ही सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू, आणि सर्वांत मोठी किंमत ही सर्वांत मोठी. (1, 1) या दिशेचा एकक व्हेक्टर घेतला तर त्यावर A ची किंमत १ आणि B ची ०.५, एकूण १.५. तसंच (1, -1) दिशेत ३ आणि ०.५ मिळून ३.५. खरी उत्तरं मात्र १.३८२ आणि ३.६१८. लहान आयगेनव्हॅल्यू अंदाजापेक्षा कमी वाढली, मोठी अंदाजापेक्षा जास्त.

कारण A + B च्या आयगेन दिशा जुन्या राहिल्याच नाहीत. λ = 1.382 साठी समीकरण सोडवलं तर x₂ = 1.618·x₁ मिळतं. म्हणजे आधी ४५ अंशांवर असलेली दिशा आता साधारण ५८.३ अंशांवर गेली. डोळ्यांसमोर आणा: पहिल्या गाड्याला जादा स्प्रिंगने धरून ठेवलंय, तेव्हा संथ डोलण्यात तो कमी हलतो आणि दुसरा जास्त. यंत्रणा नव्या स्प्रिंगला शक्य तेवढी टाळते.

या नव्या दिशेचा एकक व्हेक्टर (0.526, 0.851). त्यावर

```
xᵀAx = 2 - 2·(0.526)(0.851) ≈ 1.106
xᵀBx = (0.526)²             ≈ 0.276
बेरीज                        ≈ 1.382
```

व्यवहार स्पष्ट दिसतो. दिशा वळवल्यामुळे A ची किंमत १ वरून १.१०६ झाली, म्हणजे ०.१०६ चा तोटा. पण B ची किंमत ०.५ वरून ०.२७६ वर आली, म्हणजे ०.२२४ वाचले. एकूण फायदा झाला म्हणून सर्वांत लहान किंमत देणारी दिशा तिकडे सरकली.

मग वळता वळता ती १ च्या खाली का जात नाही? कारण कुठल्याही दिशेला गेलं तरी A ची किंमत १ च्या खाली नाही, आणि B ची शून्याच्या खाली नाही. टाळून टाळून B ला शून्यापर्यंतच टाळता येतं. संपूर्ण प्रमेयाचं मूळ या एका वाक्यात आहे.

मोठ्या आयगेनव्हॅल्यूचं उलट होतं. तिची दिशा सर्वांत मोठी किंमत शोधते, म्हणून ती B कडे झुकते: नवी दिशा (0.851, -0.526), तिथे A ची किंमत २.८९४, B ची ०.७२४, बेरीज ३.६१८. जुन्याच दिशेला राहिली असती तरी ३.५ हमखास होतेच.

सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी समजली. पण मधल्या आयगेनव्हॅल्यूचं काय? ती ना मिनिमम, ना मॅक्सिमम.

बरोबर, आणि पुष्कळ टिपणं इथे ‘तसंच सिद्ध करता येतं’ म्हणून पुढे सरकतात. तसंच करता येत नाही, एक नवी कल्पना लागते. ती मात्र इतकी सुबक आहे की एकदा पाहिल्यावर विसरत नाही.

३ × ३ ची मॅट्रिक्स घेऊ आणि दुसऱ्या, म्हणजे मधल्या आयगेनव्हॅल्यूकडे पाहू. A च्या आयगेनव्हॅल्यू λ₁ ≤ λ₂ ≤ λ₃ आणि त्यांचे एकमेकांना लंब एकक आयगेनव्हेक्टर u₁, u₂, u₃. तसेच A + B चे μ₁ ≤ μ₂ ≤ μ₃ आणि v₁, v₂, v₃. आपल्याला μ₂ ≥ λ₂ दाखवायचं आहे.

u₂ आणि u₃ मिळून मूळबिंदूतून जाणारं एक प्रतल होतं. त्यातला कुठलाही एकक व्हेक्टर c₂u₂ + c₃u₃ असा असतो, आणि त्यावर A ची किंमत

```
c₂²λ₂ + c₃²λ₃ ≥ λ₂      (कारण c₂² + c₃² = 1)
```

म्हणजे या प्रतलात A कुठेही λ₂ च्या खाली जात नाही.

दुसरीकडे v₁ आणि v₂ मिळून आणखी एक प्रतल होतं, तेही मूळबिंदूतून जाणारं. त्याच हिशोबाने या प्रतलात A + B कुठेही μ₂ च्या वर जात नाही.

आता त्रिमितीत मूळबिंदूतून जाणारी दोन प्रतलं एका रेषेत छेदतातच. खोलीतल्या दोन लगतच्या भिंती कोपऱ्यात एका उभ्या रेषेत मिळतात, तसं. (दोन्ही प्रतलं एकच असतील तर अख्खं प्रतल सामाईक, आणखी चांगलं.) त्या सामाईक रेषेवरचा एकक व्हेक्टर x घ्या. तो दोन्ही प्रतलांत आहे, म्हणून

```
μ₂ ≥ xᵀ(A + B)x = xᵀAx + xᵀBx ≥ xᵀAx ≥ λ₂
```

झालं. डावीकडची असमानता दुसऱ्या प्रतलामुळे, उजवीकडची पहिल्यामुळे, आणि मधली B पीएसडी आहे म्हणून.

n मितीत k-व्या आयगेनव्हॅल्यूसाठी पहिल्या उपअवकाशाची मिती n - k + 1 आणि दुसऱ्याची k. बेरीज n + 1, म्हणजे उपलब्ध n मितींपेक्षा एक जास्त. म्हणून त्यांच्यात शून्येतर सामाईक व्हेक्टर असावाच लागतो. ‘एक जास्त’ हाच सगळा जोर आहे. पुस्तकांत हे कूरांट-फिशर तत्त्वातून एका ओळीत मिळवतात. ते तत्त्वही याच मिती मोजण्यावर उभं आहे.

इथे आपण A चा कुठला आयगेनव्हेक्टर A + B च्या कुठल्या आयगेनव्हेक्टरमध्ये ‘बदलला’ हे कुठेच विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही, म्हणूनच सिद्धता टिकते.

B शून्य नसेल तर प्रत्येक आयगेनव्हॅल्यू नक्की वाढते का?

नाही. विधानात ≥ आहे, > नाही.

आपल्या गाड्यांमध्ये जादा स्प्रिंग भिंतीला न लावता दोन गाड्यांच्या मध्ये लावा. B आता वर पाहिलेली (x₁ - x₂)² वाली मॅट्रिक्स:

```
A + B = [  3  -2 ]
        [ -2   3 ]
```

आयगेनव्हॅल्यू १ आणि ५. लहान होती तिथेच राहिली, सगळी २ ची वाढ मोठीला मिळाली. कारण उघड आहे: दोन्ही गाडे एकत्र सरकतात तेव्हा मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही, मग ती एक असो की दोन. (1, 1) ही दिशा B ला दिसतच नाही.

B पॉझिटिव्ह डेफिनिट असेल, म्हणजे शून्येतर प्रत्येक x साठी xᵀBx > 0, तर मात्र प्रत्येक आयगेनव्हॅल्यू काटेकोरपणे वाढते. वरच्या साखळीतली मधली असमानता तेव्हा काटेकोर होते.

किती वाढेल याला काही मर्यादा आहे का?

आहे, आणि ती याच प्रमेयातून मिळते. B ची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू p आणि सर्वांत मोठी q मानू. B - pI पीएसडी आहे, आणि qI - B सुद्धा. आता A + pI च्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे A च्या आयगेनव्हॅल्यू सरसकट p ने सरकवलेल्या. तिच्यात B - pI मिळवली की A + B मिळते, म्हणून वाढ किमान p. तसंच A + B मध्ये qI - B मिळवली की A + qI मिळते, म्हणून वाढ कमाल q.

```
λₖ(A) + p ≤ λₖ(A + B) ≤ λₖ(A) + q
```

भिंतीच्या स्प्रिंगमध्ये p = 0, q = 1 होते, आणि ०.३८२ व ०.६१८ दोन्ही त्यांच्या मध्ये बसतात.

p आणि q सारखेच, म्हणजे B = cI असेल, तर प्रत्येक आयगेनव्हॅल्यू नेमकी c ने वाढते आणि दिशा अजिबात वळत नाहीत. सांख्यिकीतलं रिज रिग्रेशन हेच करतं. XᵀX ची एखादी आयगेनव्हॅल्यू शून्याच्या इतकी जवळ असते की मॅट्रिक्स उलटवताना आकडे बेभान होतात. तिच्यात cI मिळवली की सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू किमान c होते आणि उलट मॅट्रिक्स काबूत येते.

जादा स्प्रिंग अतिशय ताठ केली तर दोन्ही आयगेनव्हॅल्यू अनंताकडे जातील का?

फक्त मोठी जाईल. भिंतीच्या स्प्रिंगची ताठरता s ठेवली तर

```
λ = ( (4 + s) ± √(s² + 4) ) / 2

s = 0     1.000     3.000
s = 1     1.382     3.618
s = 10    1.901    12.099
s = 100   1.990   102.010
```

लहान आयगेनव्हॅल्यू २ कडे सरकते, पण २ ओलांडत नाही. ओलांडू शकणारही नाही: (0, 1) या दिशेत पहिला गाडा स्थिरच असतो, त्यामुळे तिथे B ची किंमत शून्य आणि A ची २, s कितीही असो. सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू कुठल्याही एका दिशेतल्या किमतीपेक्षा मोठी असू शकत नाही. स्प्रिंग अनंत ताठ झाली म्हणजे पहिला गाडा भिंतीला खिळला, आणि उरला दोन स्प्रिंगांमधला एकटा दुसरा गाडा. त्याची ताठरता २.

या B ची रँक १ आहे. अशी एकाच दिशेची भर घातली तर k-वी आयगेनव्हॅल्यू वाढून जुन्या (k + 1)-व्या आयगेनव्हॅल्यूच्या पुढे जात नाही. फक्त सर्वांत वरचीला पुढे कुंपण नसतं.

एक जपायची गोष्ट: हे सगळं ताठरता वाढवण्याबद्दल आहे. गाड्यांवर वजन ठेवलंत, म्हणजे Kx = λMx मधल्या M मध्ये पीएसडी भर घातलीत, तर वारंवारिता उलट खाली येतात किंवा तिथेच राहतात. तिथे M छेदात असतो.

A च्या काही आयगेनव्हॅल्यू ऋण असतील तर?

काही फरक पडत नाही. A सिमेट्रिक असणं पुरेसं आहे. ‘वाढणं’ म्हणजे मात्र संख्यारेषेवर उजवीकडे सरकणं. -३ ची -१ झाली तर ती वाढलीच, जरी तिचा आकार घटला. कोणी आयगेनव्हॅल्यूंच्या निरपेक्ष किमती किंवा वर्ग क्रमाने लावून पाहत असेल तर त्याला घट दिसेल, आणि ती प्रमेयाविरुद्ध नाही.

A सिमेट्रिक नसेल तरी चालतं का?

चालत नाही, आणि ते २ × २ मध्येच दिसतं.

```
A = [ 0  4 ]     B = [  1  -1 ]     A + B = [ 1  3 ]
    [ 1  0 ]         [ -1   1 ]             [ 0  1 ]
```

A च्या आयगेनव्हॅल्यू -२ आणि २. B पीएसडी आहे, आपली ओळखीचीच. A + B च्या आयगेनव्हॅल्यू मात्र १ आणि १. मोठी २ वरून १ वर उतरली. ट्रेसचा नियम इथेही पाळला गेला, ० अधिक २ बरोबर २, पण एक एक आयगेनव्हॅल्यू पाहिली तर हमी उरली नाही. सिमेट्री गेली की आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब राहत नाहीत, आणि c₂²λ₂ + c₃²λ₃ हा आपला हिशोब पहिल्याच पायरीला अडतो.

उलट खरं आहे का? सगळ्या आयगेनव्हॅल्यू वाढल्या म्हणजे B पीएसडी होती?

नाही. A कर्णावर (1, 0) असलेली आणि B कर्णावर (-1, 2) असलेली घ्या, बाकी नोंदी शून्य. A च्या आयगेनव्हॅल्यू ०, १. बेरजेच्या ०, २. एकही घटली नाही, तरी B ला -१ ही आयगेनव्हॅल्यू आहे. A कुठलीही सिमेट्रिक मॅट्रिक्स असली तरी घट होऊ नये अशी मागणी केली, तर मात्र B पीएसडीच असावी लागते. A = 0 घालून पाहा, लगेच कळेल.

संगणकावर तपासलं तर एक आयगेनव्हॅल्यू घटलेली दिसते. प्रमेय चुकलं का?

प्रमेय नाही, तपासणी. आधी हे चालवून पाहा:

```python
import numpy as np

A = np.array([[2., -1.], [-1., 2.]])
B = np.array([[1., 0.], [0., 0.]])

print(np.linalg.eigvalsh(A))      # 1 आणि 3
print(np.linalg.eigvalsh(A + B))  # 1.38196601 आणि 3.61803399
```

`eigvalsh` सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठी आहे आणि आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देतं. त्याऐवजी `eig` वापरलंत तर क्रमाची हमी नसते. समजा एका यादीत 1, 3 आणि दुसरीत 3.618, 1.382 असं आलं, आणि तुम्ही जागेला जागा जोडून वजाबाकी केलीत, तर ३ वरून १.३८२ अशी ‘घट’ दिसेल. आधी क्रम लावा, मग वजाबाकी करा.

दुसरं, `eigvalsh` मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे का हे तपासत नाही. ते फक्त कर्ण आणि कर्णाखालचा त्रिकोण वाचतं आणि वरचा भाग तसाच आहे असं धरून चालतं. वर दिलेली असिमेट्रिक A त्याला दिलीत तर -२ आणि २ ऐवजी -१ आणि १ मिळेल, आणि कसलीही सूचना येणार नाही. मॅट्रिक्स कुठल्या लांबलचक हिशोबातून आलेली असेल तर आधी `np.abs(A - A.T).max()` पाहून घ्या.

तिसरं, जी आयगेनव्हॅल्यू मुळात हलायचीच नाही, जसं मधल्या स्प्रिंगमध्ये १, तिथे नवी वजा जुनी हे उत्तर -10⁻¹⁶ च्या आसपास येऊ शकतं. ही पूर्णांकनाची चूक. मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू हजारांत असतील तर ही चूकही त्याच पटीत मोठी होते, त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी का’ असं न विचारता, A आणि B च्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या तुलनेत घट किती आहे ते पाहा. ते गुणोत्तर 10⁻¹⁴ च्या आसपास असेल तर काळजी नको. 10⁻⁶ असेल तर B खरंच पीएसडी आहे का, हे `eigvalsh(B)` ने पुन्हा तपासा. अपुऱ्या नोंदींवरून, जोडी-जोडीने काढलेली कोव्हेरियन्स मॅट्रिक्स बऱ्याचदा इथेच पकडली जाते: तिची एखादी आयगेनव्हॅल्यू शून्याच्या जराशी खाली असते, आणि नावाला पीएसडी म्हणून ती पुढे वापरली गेलेली असते.